दत्तकाचे नाव बदलले की वंश कसा शोधायचा

बडोद्याच्या इतिहासात दोन सख्खे भाऊ भेटतात. एक सयाजीराव खंडेराव गायकवाड, दुसरे संपतराव काशीराव गायकवाड. आईबाप एकच, पण कागदावर बापाचे नाव वेगळे. कारण नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे काशीराव गायकवाड यांचा मुलगा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि त्याच दिवसापासून सयाजीराव झाला. संपतराव जिथे जन्मले त्याच बापाच्या नावाने राहिले. नुसती नावांची यादी पाहून वंशावळ मांडणारा या दोघांना लांबचे भाऊबंद ठरवून मोकळा होईल. आडनाव एकच असल्यामुळे त्याला शंकाही येणार नाही.

दत्तक मुलाच्या बाबतीत एका माणसाच्या नावाचे तीन भाग सुटे सुटे बदलू शकतात: स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव. भाऊबंदांतला मुलगा घेतला तर आडनाव टिकते. मामा-आत्याकडचा किंवा सोयऱ्यांचा घेतला तर तेही जाते. बापाचे नाव मात्र बदलतेच. जन्मघराच्या कागदांत जुने नाव असते, दत्तक घराच्या कागदांत नवे, आणि दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिलेला कागद फार थोड्या ठिकाणी सापडतो. शोध घ्यायचा तो त्या कागदाचा. बाकीचे कागद तो बरोबर वाचला की नाही हे तपासायला लागतात.

नवे नाव कुठून येते

नाव ठेवण्यात मनमानी कमी असते, म्हणून अंदाज बांधता येतो. गादीच्या घरात पूर्वजांपैकी कुणाचे तरी नाव देतात. ग्वाल्हेरला १८२७ साली मुकुटराव शिंदे जनकोजीराव झाले आणि १८४३ साली भागीरथराव जयाजीराव झाले. दोन्ही नावे शिंद्यांच्या घराण्यात आधी गाजलेली होती. दुसरी तऱ्हा म्हणजे वारलेल्या औरस मुलाचे नाव. झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, भाऊबंदांतला आनंदराव दत्तक घेतला. त्याला दामोदरराव हे नाव दिले, आणि ते त्यांच्या तान्हेपणी गेलेल्या मुलाचे होते. कागदात एकाच बापाचे दोन दामोदर दिसले की लेखनिक चुकला असे समजू नका.

साध्या घरांत तिसरी तऱ्हा जास्त. थोरल्या मुलाला आजोबाचे नाव देण्याची चाल आपल्याकडे आहेच, तीच दत्तकाला लावतात: घेणाऱ्याच्या बापाचे नाव मुलाला मिळते. यातला घोटाळा पुढे उदाहरणात दिसेल. नाव न बदलल्याचीही उदाहरणे आहेत. दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ साली दत्तक घेतलेले धोंडोपंत हे धोंडोपंतच राहिले, लोकांच्या तोंडी नानासाहेब. तेव्हा ‘नाव बदललेले नाही, म्हणजे दत्तक नाही’ हा निष्कर्ष काढू नये.

पायरी पहिली: संशयाची जागा ओळखा

दत्तकपत्र शोधण्याआधी कुठल्या पिढीत शोधायचे ते ठरवा. ‘दत्तक’ हा शब्द कागदात नसला तरी काही खुणा स्पष्ट असतात. सगळ्यांत सोपी म्हणजे वयाचे गणित. प्रत्येक नावापुढे जन्म आणि मृत्यूचे साल मांडा आणि बापलेकांतले अंतर काढा. १५ वर्षांहून कमी आले, किंवा मुलाचा जन्म बापाच्या मृत्यूनंतर वर्षाहून जास्त काळाने दिसला, तर तिथे थांबा.

कोल्हापूरच्या गादीवर हे गणित करून बघा. राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा आणि मृत्यू १८७० चा, इटलीत फ्लॉरेन्स इथे. त्यांच्यामागून १८७१ साली शिवाजी महाराज आले, त्यांचा जन्म १८६३ चा. म्हणजे बाप मुलाहून १३ वर्षांनी मोठा. हे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी शाहू महाराज दत्तक आले, जन्म १८७४ चा. इथे अंतर ११ वर्षांचे. वंशावळीत मात्र राजाराम, शिवाजी, शाहू अशी सरळ रेघ मारलेली असते. रेघ चुकलेली नाही. कायद्याने आणि धर्माने हे बापलेकच, पण रक्ताची वाट दर पायरीला दुसऱ्या घरातून आलेली आहे. राजाराम हे मूळचे पाटणकरांचे नागोजीराव, शिवाजी हे सावर्डेकर भोसल्यांचे नारायणराव, शाहू हे कागलकर घाटग्यांचे यशवंतराव. तीनपैकी मधल्यांचे आडनाव आधीपासून भोसले होते, दोघांचे नव्हते.

दुसरी खूण विधवेची. नवरा वारल्यावर काही वर्षे व्यवहार तिच्या नावाने चालतात आणि मग अचानक सात-आठ वर्षांच्या मुलाचे नाव येते, शेजारी ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून आईचे. पोटचा मुलगा असता तर बाप गेल्याबरोबर त्याचेच नाव लागले असते. मधली चार-पाच वर्षे त्याचा पत्ता नसणे हे पुरेसे बोलके आहे. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीविना दत्तक घेता येत असे, म्हणून असे उशिराचे दत्तक इथे बरेच सापडतात. कायदा असा मुलगा नवऱ्याच्या मृत्यूच्या वेळेपासूनच मुलगा होता असे धरी. त्यामुळे काही कैफियतींत दत्तकाची तारीख न देता थेट ‘मयताचा पुत्र’ लिहिलेले असते, आणि वाचणारा गोंधळतो.

पायरी दुसरी: दत्तकपत्र मिळवा आणि नीट वाचा

दत्तकपत्रात, ते मोडीत असो की बाळबोधीत, साधारण ठरलेला मजकूर असतो. वर शक, संवत्सर, महिना आणि तिथी. मग घेणाऱ्याचे नाव, त्याला संतान नसल्याचा उल्लेख, देणाऱ्याचे नाव आणि त्याच्याशी असलेले नाते. मुलाचे जन्मनाव आणि वय. विधी झाल्याचे विधान. शेवटी ‘त्याचे नाव अमुक ठेविले’ अशा अर्थाचे वाक्य, मिळकतीच्या अटी आणि साक्षी. नवशिके नावाच्या वाक्याशी थांबतात. खरा माल साक्षीदारांत असतो. देणाऱ्याचे भाऊ, घेणाऱ्याचे भाऊबंद, गावचा पाटील-कुलकर्णी यांच्या सह्या आणि त्यांच्या बापांची नावे तिथे असतात, आणि दोन्ही वंशावळी त्यांवरून ताडून बघता येतात.

तारीख बदलताना घाई करू नका. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषातला काही भाग, माघ आणि फाल्गुन यांना ७९ लागतात, कारण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि इंग्रजी वर्ष मध्येच बदलते. पेशवाईतल्या मोडी कागदांवर सुहूर सन असतो, अरबी अंकशब्दांत लिहिलेला. त्यात मृगाच्या आसपासपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे. एका वर्षाची चूक इथे नेहमी होते आणि मग दत्तक बापाच्या मृत्यूच्या आधीचा की नंतरचा, हेच उलटे होते.

हा कागद कुठे असेल? आधी घरातली पेटी बघा. त्यानंतर दुय्यम निबंधकाचे कार्यालय. १ जानेवारी १८७२ नंतर ‘माझ्यामागे बायकोने दत्तक घ्यावा’ असा वेगळा अधिकारलेख केला असेल तर त्याची नोंदणी सक्तीची होती, आणि असे लेख इच्छापत्रांसोबत तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात असतात. खुद्द दत्तकपत्र नोंदवलेले असेल तर बहुधा चौथ्या पुस्तकात. तिसऱ्या पुस्तकातल्या नकला लेख करून देणारा वारलेला असेल तर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळतात, चौथ्यातल्या मात्र सगळ्यांना मिळत नाहीत. त्यासाठी लेख करून देणारा, त्यात हक्क असलेला किंवा त्यांचा प्रतिनिधी असावे लागते. म्हणून अर्जासोबत स्वतःपर्यंतची वारस साखळी जोडा. पहिले पुस्तक, म्हणजे स्थावर मिळकतीचे, सर्वांना खुले असते. दत्तकपत्रातच जमीन दिली असेल तर लेख तिथेही मिळू शकतो, म्हणून सूची दोन्हीकडे चाळा आणि ती घेणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या आणि मुलाच्या दोन्ही नावांनी चाळा.

संस्थानिकांची गोष्ट वेगळी. १८६२ च्या दत्तकाच्या सनदांनंतर संस्थानांना दत्तकाचा हक्क मिळाला, पण वारसाला इंग्रज सरकारची मान्यता लागेच. त्यामुळे मुलगा कुणाचा, वय किती, दुसरे दावेदार कोण, अशी चौकशी एजन्सीच्या दप्तरात झालेली असते. दरबारी कागद जन्मघराबद्दल गप्प असला तरी तिथे ते मिळते.

पायरी तिसरी: दोन गावांचे कागद समोरासमोर ठेवा

आता एक रचलेले उदाहरण घेऊ, पण घडते ते असेच. मूळ पुरुष बल्लाळ. त्याचे दोन मुलगे, विष्णू आणि गोविंद. विष्णूचा मुलगा केशव, निपुत्रिक, १९०७ साली वारला. गोविंदाचा मुलगा महादेव, त्याला तीन मुलगे: थोरला गोविंद, मधला दत्तात्रय, धाकटा यशवंत. शके १८३२ च्या फाल्गुनात, म्हणजे १९११ साली, केशवाची विधवा पार्वतीबाई सात वर्षांच्या दत्तात्रयाला दत्तक घेते आणि सासऱ्याचे नाव ठेवते: विष्णू. थोरला मुलगा सहसा देत नाहीत आणि धाकट्यात आईचा जीव असतो. मधल्यावर पाळी येते हे अनेक घरांत दिसते.

महादेवाच्या गावातल्या जन्मनोंदीत १९०४ साली ‘महादेव गोविंद, मुलगा’ एवढेच असेल. बारशाआधी नोंद केल्याने मुलाचे नाव लिहिलेले नसणे जुन्या रजिस्टरांत नेहमीचे आहे, म्हणून दत्तात्रय शोधून सापडला नाही तरी ही ओळ सोडू नका. ‘विष्णू केशव’ या नावाने मात्र जन्मनोंद कुठेच सापडणार नाही. इथे आठवडे वाया जातात.

पार्वतीबाईच्या गावात, हक्कनोंदणी सुरू झाल्यावरच्या पहिल्या फेरफारांत, केशवाच्या जमिनीला ‘विष्णू केशव, अ.पा.क. आई पार्वतीबाई’ असे नाव लागलेले दिसेल. फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, खाली दिलेला मजकूर सातबाराहून अधिक बोलतो. वारस का लागला त्याचे कारण तिथेच लिहिलेले असते, आणि ‘दत्तक’ शब्द असला तर तिथेच असतो. नुसता सातबारा काढून परत येणे म्हणजे निम्मा प्रवास वाया.

तिसरा कागद महादेवाच्या मृत्यूनंतरचा. समजा तो १९२५ साली वारला. वारस म्हणून गोविंद आणि यशवंत एवढेच लागतात. दत्तात्रय नाही. पहिला अंदाज असा होतो की तो लहानपणीच गेला असावा. पण दत्तक गेलेल्याचा जन्मघरच्या वाट्यावरचा हक्क उठतो, म्हणून त्याचे नाव नसणे रास्तच आहे. १९०४ आणि १९२५ च्या मध्ये त्या गावात दत्तात्रयाची मृत्युनोंद नसेल, तर नाव गळण्याचे कारण दत्तक असण्याची शक्यता बरीच वाढते. दोन्ही गावांचे कागद असे एकमेकांत अडकले की दत्तकपत्र हरवलेले असले तरी दुवा बराच भक्कम होतो.

आता तो घोटाळा. विष्णू केशवाला १९३० च्या सुमारास मुलगा झाला, त्याचे नाव पुन्हा केशव. म्हणजे ‘केशव विष्णू’ दोन झाले, एक १९०७ साली वारलेला आणि एक त्यानंतर तेवीस वर्षांनी जन्मलेला. एकच जमीन, एकच गाव, एकच आडनाव. वंशावळ मांडणारा या दोघांना एकच धरतो आणि मधला विष्णू, म्हणजे नेमका दत्तक, गाळला जातो. जनकघराशी असलेले नाते त्याच्याबरोबर जाते. यावर उपाय एकच: नावाला सालाशिवाय कधी लिहू नका. ‘केशव विष्णू (मृ. १९०७)’ आणि ‘केशव विष्णू (ज. सु. १९३०)’ अशी दोन माणसे वेगळी दिसतात. गादीवरच्या नावांनाही हाच नियम लावा. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांना कुणी करवीरपुरता आकडा लावतो, कुणी थोरल्या महाराजांपासून मोजतो, आणि ‘चौथे शिवाजी’ म्हणजे कोण यावर दोन पुस्तकांचे एकमत होत नाही. ‘शिवाजी (१८७१–१८८३)’ लिहिले की वाद मिटतो.

पायरी चौथी: तोंडी आणि धार्मिक नोंदी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमान स्वतःच्या हाताने बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहून जातो. चौकशी करताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, कारण वह्या गाववार लावलेल्या असतात. दत्तक मुलगा स्वतः गेला असेल तर तो घेणाऱ्या बापाचेच नाव लिहील, कारण पिंड त्यालाच द्यायचा. म्हणून त्याची नोंद बघून झाल्यावर जन्मघरातल्या भावांची नोंद काढा. ‘बंधू दत्तक दिला’ हे लिहायचे कारण त्यांना असते, त्याला नसते. दक्षिण महाराष्ट्रात, कोल्हापूर-सांगलीकडे, हेळवी घरोघर येऊन वंशावळ वाचून दाखवतात आणि नवी नावे लिहून घेतात. त्यांच्याकडेही दोन्ही घरांची पाने वेगवेगळी विचारा.

घरातल्या वयस्क बायकांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘आपल्यात कुठल्या घराशी सोयरीक करत नाहीत?’ दत्तक गेल्यावरही जन्मघराच्या नात्यात लग्न चालत नाही; १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्यानेही ही मनाई तशीच ठेवली आहे. आडनाव वेगळे, गोत्र वेगळे, तरी अमुक घरात मुलगी द्यायची नाही असे सांगितले जाते. त्यामागे दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा दत्तक असू शकतो. कारण विसरलेले असते, मनाई शिल्लक राहते.

पायरी पाचवी: मांडणी

दत्तक माणसाला दोन्ही वंशावळींत जागा द्या, पण क्रमांक एकच ठेवा. जन्मघरात त्याच्या नावापुढे ‘दत्तक गेला, पाहा अमुक’ आणि तिथून खाली रेघ बंद. दत्तक घरात तुटक रेघेने बापाला जोडा, पुढची प्रजा सरळ रेघेने. प्रत्येक दत्तकामागे एक छोटे टिपण असावे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे असे होईल:

जन्मनाव: यशवंतराव. जनक पिता: जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, कागल. दत्तक: १७ मार्च १८८४. घेणारी: आनंदीबाई, शिवाजी महाराज (मृ. २५ डिसेंबर १८८३) यांची विधवा. नवे नाव: शाहू. जन्मघरात राहिलेला भाऊ: पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब घाटगे.

शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, आणि बडोद्याच्या संपतरावांप्रमाणे पुढच्या वाचकाला वाट दाखवणारी तीच असते. टिपणे पूर्ण असली की एरवी न दिसणारी नाती वर येतात. १९४७ साली कोल्हापूरला देवासच्या पवारांचे विक्रमसिंहराव दत्तक आले आणि शहाजी झाले. आडनावावरून घर बदलले असे वाटते, पण त्यांची आई राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब ही शाहू महाराजांची लेक. कागदावर ते शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज यांचे पुत्र झाले, रक्ताने त्याच राजारामांच्या सख्ख्या बहिणीचे.

मुंबई इलाख्यात विवाहित, लेकुरवाळा माणूसही दत्तक जाऊ शके. मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ साली ठरवले की अशा माणसाला दत्तकाआधी झालेला मुलगा त्याच्याबरोबर नव्या घरात जात नाही. म्हणजे बापाचे आडनाव एक, मुलाचे दुसरे, आणि दत्तकानंतर झालेल्या धाकट्या भावाचे पुन्हा बापाचे. अशा घरात तुटक रेघ एकट्या बापाला काढा. थोरल्या मुलाला जन्मघरात, बापाच्या जुन्या नावाखालीच ठेवा. दुव्याला कागद मिळाला नसेल आणि नुसता वयाचा किंवा गळलेल्या नावाचा आधार असेल, तर तुटक रेघेवर प्रश्नचिन्ह टाका आणि कुठली वही अजून बघायची राहिली ते तिथेच पेन्सिलीने लिहून ठेवा.